मध्यावर ब्रेस लावला म्हणजे कॉलम चौपट झाला? या चुका टाळा

एक मीटर लांब, २५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड पोलादी पट्टी वजनकाट्यावर उभी धरा आणि वरून तळहाताने सरळ दाबा. काटा साधारण ११ किलोच्या आसपास आला की पट्टी पोट काढते. आता कुणाला तरी पट्टी बरोबर मध्यावर दोन बोटांच्या चिमटीत धरायला सांगा, म्हणजे ती पुढेही जाणार नाही आणि मागेही. तीच पट्टी आता ४० किलोच्या पुढे जाते, आणि वाकलीच तर वरचा अर्धा एका बाजूला, खालचा दुसऱ्या बाजूला असा नागमोडी आकार घेते. ही चिमटी म्हणजेच ब्रेस, आणि तिला मात्र फारसा जोर लागत नाही.

गणित सगळ्यांना पाठ असतं:

```
ब्रेसशिवाय:       P1 = π²EI / L²
मध्यावर ब्रेस:    P2 = π²EI / (L/2)² = 4 P1
```

हे "4" लिहायला दोन सेकंद लागतात, म्हणून लोक दोन सेकंदांतच लिहून मोकळे होतात. तपासणीसाठी येणाऱ्या ड्रॉइंगांत मी वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघतोय, आणि त्यातली एक तर इतक्यांदा की आता ड्रॉइंग उघडल्यावर आधी तीच शोधतो.

चूक पहिली: ब्रेस शेजारच्या कॉलमला बांधून सोडून देणं

एका गोदामात सामान ठेवायचा उंच मंच होता. एका ओळीत सहा कॉलम, ६० × ६० × ३ मिमीची चौकोनी नळी, उंची ४ मीटर. मंचाचा वरचा भाग भिंतीला पक्का धरलेला, त्यामुळे दोन्ही टोकं पिनची मानणं ठीक होतं. मध्यावर सहाही कॉलमना जोडणारी एक आडवी नळी होती आणि हिशोबात तिच्यापुढे "ब्रेस" असं लिहिलेलं. प्रत्येक कॉलमवर ६० किलोन्यूटन भार धरला होता.

आकडे बघा. ब्रेस नसेल तर या नळीचा ऑयलर भार, म्हणजे वरच्या सूत्रातला P1, सुमारे ४६ किलोन्यूटन येतो. मध्यावर खरोखर धरली तर ६० आरामात बसतात. म्हणजे अख्खी रचना त्या आडव्या नळीच्या भरवशावर उभी होती.

मला बोलावलं तेव्हा निम्म्याहून थोडा जास्त माल चढला होता, कॉलममागे साधारण ३८ किलोन्यूटन. ओळीच्या एका टोकाला उभं राहून नजर लावली, तर सहाच्या सहा कॉलम एकाच दिशेला, ओळीच्याच रेषेत, एकसारखे पोट काढून उभे. दोरी ताणून मोजलं, मध्यावर ३५ मिमी. आडवी नळी एकदम सरळ आणि ठणठणीत होती. तीही सगळ्यांबरोबर ३५ मिमी सरकली होती, एवढंच.

ज्याने डिझाइन केलं होतं त्या मुलाला विचारलं, "ही नळी कुठे जाते?"

"पुढच्या कॉलमला, सर."

"आणि तो कॉलम कुणाच्या आधाराने उभा आहे?"

"त्याच्या पुढच्या..." इथे तो थांबला.

सहा जण एकमेकांचे खांदे धरून उभे राहिले म्हणून कुणी पडायचं थांबत नाही. सगळे एकदम पडतात. मध्यावरचा बिंदू जागचा हलू नये यासाठी ती नळी अशा कशाला तरी पोचली पाहिजे जे स्वतः हलत नाही: तिरका ब्रेस, भक्कम भिंत, नाहीतर एखादी कडक चौकट. तोपर्यंत तिचा स्टिफनेस शून्य आणि कॉलमची इफेक्टिव्ह लांबी पूर्ण ४ मीटरच.

माल उतरवल्यावर कॉलम जवळजवळ सरळ झाले. मूळचा बाक ६ मिमीच्या आसपास होता आणि भार ऑयलर भाराच्या सुमारे ८३ टक्क्यांवर गेल्यामुळे तो जवळपास सहापट झाला होता. पोलाद अजून लवचीक टप्प्यात होतं म्हणून निभावलं. आणखी चार-पाच किलोन्यूटन चढले असते तर निभावलं नसतं.

उपाय किरकोळ होता, आणि नेमका याच गोष्टीचा मला राग येतो. मध्यावर एकच ब्रेस असेल तर त्याला लागणारा आदर्श स्टिफनेस `4P/L` इतका असतो, P म्हणजे कॉलमवर येणारा भार. ६० किलोन्यूटन आणि ४ मीटरला तो ६० न्यूटन प्रति मिमी येतो. खरा कॉलम कधीच तंतोतंत सरळ नसतो, म्हणून मी नेहमी दुप्पट धरतो: १२०. सहा कॉलम मिळून ७२०. एका गाळ्यात जमिनीपासून त्या आडव्या नळीपर्यंत ४५ अंशात लावलेला १२ मिमीचा साधा गज आडव्या दिशेने ४००० न्यूटन प्रति मिमीच्या आसपास स्टिफनेस देतो. गज दाबात निकामी असतो, म्हणून फुलीसारखे दोन लावले. बलही तसंच किरकोळ: मध्यावर लांबीच्या हजाराव्या भागाइतका बाक धरला तर दुप्पट स्टिफनेसच्या ब्रेसवर भाराच्या ०.८ टक्के बल येतं. सहा कॉलमचं मिळून तीन किलोन्यूटनपेक्षाही कमी. दोन गज आणि चार बोल्ट वाचवायला गेले आणि अख्खा मंच रिकामा करायची वेळ आली.

तेव्हापासून माझी सवय पक्की झाली आहे. ड्रॉइंगवर प्रत्येक ब्रेसवर बोट ठेवायचं आणि बोट न उचलता जमिनीपर्यंत पोचायचं. मध्येच बोट हवेत थांबलं तर तो ब्रेस नाही.

जाता जाता बोल्टांच्या भोकांबद्दल. भोकात २ मिमी ढिलाई असेल तर कॉलम आधी ते २ मिमी मोकळेपणाने सरकतो आणि मग ब्रेसला जाग येते. ते २ मिमी मी सरळ मूळच्या बाकात मिळवतो.

चूक दुसरी: चौपट म्हणजे चौपटच

हा दुसरा आवडता गुन्हा. १०० × १०० × ५ मिमीची चौकोनी नळी घ्या, उंची तीच ४ मीटर. ऑयलर भार ३५४ किलोन्यूटन. "ब्रेस लावला, १४१४ झाले." झाले? नळीचं क्षेत्रफळ १९०० चौ. मिमी. पोलादाची यील्ड ताकद २५० न्यूटन प्रति चौ. मिमी धरली तर ४७५ किलोन्यूटनलाच नळी चिरडायला लागते. बकल व्हायची वेळच येत नाही. १४१४ हा आकडा कागदाबाहेर कुठेच नसतो.

आणि ३५४ सुद्धा पूर्ण मिळत नाहीत. मूळचा बाक आणि पोलादात उरलेले ताण धरून युरोकोडच्या "a" वक्राने काढलं, तर ब्रेसशिवाय सुमारे २६५ आणि ब्रेससह सुमारे ४२७ किलोन्यूटन येतात, सुरक्षा गुणक लावायच्या आधी. म्हणजे चौपट नव्हे, १.६ पट. कॉलम जितका सडपातळ, तितकं ते प्रमाण चारकडे सरकतं. सुरुवातीची पट्टी अतिसडपातळ होती म्हणून तिथे चार दिसले. कॉलम जाडजूड असेल तर ब्रेसने जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून माझ्या वहीत पहिली ओळ ऑयलरची नसते, क्षेत्रफळ गुणिले यील्डची असते. ती कमाल मर्यादा. मग बाकीचं.

याच नळीचा आणखी एक धडा आहे. ती दोन्ही दिशांना सारखीच आहे. ब्रेस एकाच दिशेला लावलात तर कॉलम दुसऱ्या दिशेला पूर्ण ४ मीटरवर बकल होतो आणि फायदा शून्य. एकाच दिशेच्या ब्रेसचा खरा उपयोग आय-सेक्शनला, कमकुवत अक्षासाठी, आणि तिथेही पूर्ण चौपट तेव्हाच मिळतं जेव्हा मजबूत अक्षाचा I कमकुवत अक्षाच्या I च्या निदान चौपट असतो. नाहीतर मजबूत अक्षच आधी हार मानतो.

चूक तिसरी: सॉफ्टवेअरने ४.८३ दिलं म्हणून ४.८३

एकाने मोठ्या उत्साहात दाखवलं, ब्रेस लावल्यावर भार ४.८३ पट होतो, पुस्तकातला ४ हा म्हणे अंदाज आहे. मॉडेल उघडलं. कॉलमचे दोनच एलिमेंट होते, ब्रेसच्या वर एक आणि खाली एक. ब्रेस नसताना दोन एलिमेंट अख्ख्या लांबीच्या एकाच लाटेसाठी पुरतात. उत्तर `9.94 EI/L²`, खऱ्या 9.87 पेक्षा एक टक्क्याहून कमी चूक. पण ब्रेस लावला की प्रत्येक अर्ध्यात एक पूर्ण लाट बसते आणि तिच्या वाट्याला एकच एलिमेंट येतो. तिथे उत्तर `48 EI/L²` येतं, खरं 39.48 असताना. ४८ भागिले ९.९४ म्हणजे त्याचे ते ४.८३. प्रत्येक अर्ध्याला चार एलिमेंट दिले की आकडा मुकाट्याने चारवर येऊन बसला. चूक धोक्याच्या बाजूची होती, हे विसरू नका.

उरलेल्या, पटापट

ब्रेस अधिकाधिक जाड करत बसू नका. ब्रेसचा स्टिफनेस k शून्यापासून वाढवत नेला तर बकलिंग भार जवळजवळ सरळ रेषेत, `P1 + (3/16)kL` असा वाढतो आणि `k = 16π²EI/L³` ला चारपटीवर पोचून तिथेच थांबतो. त्यापुढे कॉलम नागमोडी होतो, मध्यबिंदू जागचा हलतच नाही, मग ब्रेस कितीही जाड असो.

उलट अर्धाच स्टिफनेस दिला म्हणजे "ब्रेस नाहीच" असंही नाही. साधारण अडीचपट मिळतं. पण खऱ्या, बाक असलेल्या कॉलममध्ये अशा ब्रेसवरचं बल आणि सरक दोन्ही झपाट्याने वाढतात, म्हणून मी त्या अडीचच्या नादी लागत नाही.

ब्रेस मध्यावर न बसता ०.४ L उंचीवर बसला तर लांब तुकडा ०.६ L चा उरतो. तो धरून २.७८ पट येतं. आखूड तुकडा चांगली मदत करतो, त्यामुळे खरं उत्तर याहून बरंच वर, ३.७ च्या आसपास असतं, पण चार नाहीच. मी २.७८ धरतो आणि पुढे जातो.