बहिणीला लॅपटॉप, चौघांची वर्गणी : या चुका टाळा

2025 च्या जुलैत आमच्या धाकटीला अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि लॅपटॉपचा विषय निघाला. मी नागपुरात नोकरीला, दादा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेती पाहतो, ताई दिग्रसकडे दिलेली, आणि मामा. चौघांनी मिळून घ्यायचं ठरलं. लॅपटॉप 54,500, बॅग-माऊस 1,200, अमरावतीला जाण्यायेण्याचे 800, असे एकूण 56,500 रुपये. मी चारानं भागलं आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'प्रत्येकी 14,125, 25 तारखेपर्यंत.' दादानं नुसता अंगठा पाठवला. पुढचे तीन महिने आमच्या घरात जे झालं त्याचं मूळ त्या एका मेसेजमध्ये होतं. तीच चूक ओळखीच्या चार घरांतही पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सारखा वाटा म्हणजे न्याय, असं धरणं

माझा पगार एक तारखेला येतो. दादाचा पैसा येतो सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, आणि त्यानंतर कापसाचा चुकारा मिळेल तसा. कॉलेजचे प्रवेश मात्र जुलै-ऑगस्टमध्ये होतात. त्या वेळी शेतकऱ्याच्या घरातून पैसा फक्त बाहेर जात असतो. बियाणं झालं, खत झालं, निंदणाची मजुरी चालू असते आणि फवारणी समोर असते. ज्या महिन्यात माझ्या हाती पगार पडला, त्याच महिन्यात दादाचं कृषी केंद्रात उधारीचं पान भरत होतं.

आकड्यात सांगतो. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. त्या भावानं धरलं तरी 14,125 म्हणजे अडीच क्विंटलाच्या वर सोयाबीन, आणि तेही तेव्हा रानात वीतभर उभं होतं. बाजारात हमीभाव मिळेलच असंही नाही. शिवाय सोंगणीची आणि मळणीची मजुरी त्यातूनच द्यायची. मला तो वाटा अर्ध्या महिन्याच्या बचतीइतका होता, त्याला तो न आलेल्या पिकाचा होता.

आणखी एक गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती. धाकटी बारावीपर्यंत दादाच्या घरी राहिली. तिचा बसचा पास, क्लासची फी, दुखणं-खुपणं त्यानं आणि वहिनीनं पाहिलं. अमरावतीला खोलीवर जाणारी डाळ, तिखट, ज्वारीचं पीठ आजही त्याच घरातून जातं. यातलं काहीच रुपयात मोजलेलं नाही. वर्गणीच्या यादीत मात्र तो माझ्या बरोबरीनं उभा केला गेला.

यावर बरेच जण उपाय सांगतात की शेतकऱ्याचा वाटा आपणच कमी करून टाकावा. तीही चूकच आहे. 'दादा, तू पाचच दे' असं चारचौघांत म्हटलं की त्याला दान घेतल्यासारखं वाटतं. मोठ्या भावाला तर ते फारच लागतं. आकडा आपण सुचवायचाच नाही, ना मोठा ना लहान.

आधी किंमत, मग माणसं

लॅपटॉप पसंत करून मग पैसे मागायला निघालं की समोरच्याकडे हो म्हणण्यावाचून काही उरत नाही. नाही म्हटलं तर बहिणीच्या शिक्षणाला नाही म्हटलं असं होतं. म्हणून क्रम उलटा ठेवा. प्रत्येकाला वेगळा फोन करा, शक्यतो संध्याकाळी, जेव्हा तो शेतात किंवा दुकानात नसेल. दोनच गोष्टी विचारा : किती जमेल, आणि कोणत्या महिन्यात. 'धाकटीसाठी लॅपटॉप पाहतोय. तुझ्याकडून किती धरू, आणि कधी? नाही जमलं तरी काम अडणार नाही.' शेवटचं वाक्य खरं असेल तरच बोला. ते खरं असावं म्हणून फोन लावायच्या आधी स्वतःच्या मनाशी ठरवून ठेवा की बाकी कोणी एक रुपया दिला नाही तर मी कुठपर्यंत जाऊ शकतो.

मग बेरीज करा आणि त्या बेरजेत बसेल तो लॅपटॉप घ्या. बॅग, माऊस, जाणंयेणं आधीच त्यात धरा, कारण नंतर निघालेले हजार-दीड हजारच जास्त कुरकुर करायला लावतात. पहिल्या वर्षाला फार भारी यंत्र लागत नाही. 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी असलं म्हणजे प्रोग्रॅमिंगचं काम होतं. कमी पडलं तर काही मॉडेलांत रॅम पुढे वाढवता येते. तशी सोय त्या मॉडेलला आहे का, हे घेतानाच दुकानदाराला विचारून घ्या.

लग्न झालेल्या बहिणीच्या पैशाचा रस्ता न विचारणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागली. ताईनं 25 तारखेच्या आतच पूर्ण 14,125 पाठवले. मी ग्रुपवर 'ताईचे आले, बाकीच्यांचे?' असंही लिहिलं. पोळ्याला ती गावी आली तेव्हा तिच्या पिशवीतून बचत गटाचं पासबुक पडलं. ते उचलून देताना उघडं पान दिसलं : जुलै महिना, कर्ज 14,000, कारणाच्या रकान्यात 'घरगुती'. सासरी मागायला नको म्हणून तिनं गटातून उचलले होते आणि दर महिन्याला हप्ता आणि व्याज भरत होती. वरचे 125 सुद्धा तिनं जमवले होते. मी तिला सोपं गणित दिलं होतं आणि तिनं ते अवघड वाटेनं सोडवलं.

लग्न झालेल्या बहिणीच्या हातातला पैसा बहुतेक वेळा दोन घरांच्या नजरेत असतो. माहेरी एवढे दिले हे सासरी कळलं तर एक बोलणं, आणि माहेरी कमी दिले तर दुसरं. म्हणून तिला आकड्याच्या आधी हे विचारा : 'ताई, तुझ्या हातचे किती? कोणाला विचारायची गरज पडू नये इतकेच सांग.' भाऊजींना सांगायचं की नाही हे तिनं ठरवावं, आणि तिचा आकडा कोणत्याच ग्रुपवर जाऊ नये.

आकडे ग्रुपवर टाकणं

ऑगस्टमध्ये मामांचे 5,000 आले आणि दादाचं काहीच नाही. मी यादी टाकली : नाव, आलेले, बाकी. दादाच्या नावापुढे 14,125 बाकी. त्या ग्रुपवर चुलते होते, त्यांच्या सुना होत्या, ताईचा दीर होता. दादा बोलला नाही, पण त्यानंतर माझा फोन उचलणं त्यानं बंद केलं.

पोळ्याच्या दिवशी बैल ओवाळून झाल्यावर मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. तो एवढंच म्हणाला, "मले पैशाचं दुख नाही. तू आकडा काहून टाकला गावभर? मले एकट्याले विचारलं असतं तर म्या सांगतलं असतं ना, सोयाबीन होऊ दे म्हणून."

पैसे एकाकडे जमा होत असतील तर ग्रुपवर 'जमलं, या रविवारी घ्यायला जातो' एवढंच लिहावं. कोणाचे किती हे जमा करणाऱ्याच्या वहीत राहू द्या. ज्याला हिशेब पाहायचा असेल त्याला बिल दाखवा, पण बाकीच्यांची नावं दाखवू नका.

बिघडायला लागलंय हे ओळखायच्या खुणा आहेत. एरवी बोलणारा माणूस नुसता अंगठा पाठवतो. तारखेच्या आसपास त्याचा फोन लागत नाही. किंवा कोणी अचानक विचारतो, 'बिल कितीचं झालं बरं?' यातलं काही दिसलं की आठवण करून देणं थांबवा आणि जाऊन भेटा.

एकानं भरायचं आणि बाकीच्यांची वाट पाहायची

दुकानात आणि जाण्यायेण्यात मिळून मी 42,375 भरले होते, दोघांचे येतील या भरवशावर. मागाहून येणारे पैसे असतील तर आधी भरणाऱ्यानं तेवढेच भरावेत जेवढे बुडाले तरी त्याचं तोंड कडू होणार नाही. हप्त्यावर घेतलं तर एकाच्या नावावर कर्ज चढतं आणि दुसऱ्याच्या उशिरानं त्याचा सिबिल खराब होतो. 'नो कॉस्ट' हप्ताही अगदी फुकट नसतो. बँक व्याज लावते, दुकान तेवढी सूट देतं, पण क्रेडिट कार्डावर त्या व्याजाचा 18 टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. रोख किमतीतली सूटही कधीकधी हुकते. घ्यायचाच असेल तर ज्याच्या नावावर आहे त्यानं सगळे हप्ते आपलेच धरून घ्यावा.

आमचं मी असं सावरलं. ताईला 7,125 परत केले आणि तिचा वाटा 7,000 धरला. सगळे परत घ्यायला ती तयार नव्हती, आणि मीही ओढलं नाही. मामांना फोन करून सांगितलं, 'मामा, तुमच्याकडचं पूर्ण झालं.' त्यांचा आवाजच मोकळा झाला. दादानं स्वतः 10,000 सांगितले आणि महिना स्वतः धरला. सप्टेंबरातल्या पावसानं सोयाबीन भिजलं, म्हणून दिवाळीआधी 4,000 आले आणि कापसाच्या चुकाऱ्यातून 6,000. मला एकदाही विचारावं लागलं नाही. माझे 34,500 गेले. पहिल्याच दिवशी मी स्वतःच्या मनाशी हा आकडा धरला असता तर बाकी काहीच झालं नसतं.

लॅपटॉप कोणाचा, हे न ठरवणं

बिल धाकटीच्या नावावर करून घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच लागतं, आणि वस्तू तिची आहे हे घरातही स्पष्ट होतं. देताना फोटो काढला तर खाली एकाचंच नाव नको. आमच्याकडे ती जबाबदारी आईवर दिली. कुंकू लावून तिनंच तो धाकटीच्या हातात दिला, त्यामुळे कोणाच्या हातून गेला हा प्रश्नच आला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दादाचा मुलगा त्यावर गेम टाकायला बसला. धाकटीला नाही म्हणता येईना, कारण पैसे त्याच्या बाबांचेही होते. वहिनीनं चुलीपासूनच हाक मारली, "आत्याचा हाय तो, तिले विचारून हात लाव." पोरानं विचारलं. धाकटीनं त्याच्यासाठी वेगळं खातं उघडून दिलं आणि असाइनमेंट झाल्यावर एक तास खेळायचं ठरलं.