शॉकचं मशीन चालूच राहतं: हार्ट फेल्युअरच्या शेवटच्या टप्प्यात या चुका टाळा

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत मी घरी जाऊन पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करायच्या उपचारांचे, पेशंट बघते. कॅन्सरच्या घरात शेवट जवळ आल्याची सगळ्यांना कल्पना तरी असते. हार्ट फेल्युअरच्या घरात मात्र पेशंट चार वेळा ॲडमिट होऊन चारही वेळा घरी आलेला असतो, त्यामुळे पाचव्यांदाही येईल असंच सगळे धरून चालतात. छातीत आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले की आतूनच शॉक देणारं मशीन, बसवलेलं असेल तर या गैरसमजाचा त्रास सगळ्यात जास्त होतो.

डीएनआरवर सही झाली म्हणजे शॉकही बंद झाला, असं समजणं

ही चूक बघून मी अक्षरशः कंटाळले आहे. डीएनआर म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही, नळी टाकायची नाही. तो कागद माणसांसाठी असतो. कॉलरबोनखाली बसवलेल्या मशीनला तो वाचता येत नाही. ठोके एका मर्यादेपलीकडे वेगाने आणि वेडेवाकडे पडले की ते शॉक देणार, मग पेशंट आयसीयूत असो की घरच्या खाटेवर. स्वीडनमध्ये मृत्यूनंतर काढलेली मशीन तपासून २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास तिघांतल्या एकाला शेवटच्या २४ तासांत शॉक बसलेला होता, आणि डीएनआर लिहिलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त जणांचं मशीन चालूच होतं.

निफाडकडचे एक निवृत्त शिक्षक, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. हृदयाचं पंपिंग २० टक्क्यांच्या आसपास, किडनीचं क्रिएटिनिन चढत चाललेलं, बीपी इतकं कमी की हृदयाच्या गोळ्या एकेक करून कमी कराव्या लागलेल्या. एका मोठ्या हॉस्पिटलमधून डीएनआरवर सही घेऊन त्यांना घरी पाठवलं. डिस्चार्ज कार्डावर मशीनबद्दल एक ओळ नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला, "मॅडम, बाबांना आतून कोणीतरी लाथ मारल्यासारखं होतंय, चौथ्यांदा झालं." २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा असं होणं म्हणजे इलेक्ट्रिकल स्टॉर्म. गुरुजी पूर्ण शुद्धीवर होते आणि पुढचा शॉक कधी बसेल या धास्तीने त्यांनी खाटेची कड धरून ठेवली होती. सुनेला वाटलं हात लावला तर आपल्यालाही करंट बसेल, म्हणून ती दारातच उभी. खरं तर हात धरणाऱ्याला फार तर बारीकशी झिणझिणी जाणवते. धरा हात.

माझ्या बॅगेत आयसीडीसाठीचा गोल मॅग्नेट असतो. तो मशीनच्या बरोबर वर ठेवून चिकटपट्टीने पक्का केला, शॉक थांबले. बहुतेक मशीनमध्ये मॅग्नेट असेपर्यंत फक्त शॉक थांबतो, पेसिंग म्हणजे ठोके चालवायचं काम चालू राहतं. मॅग्नेट सरकला की शॉक पुन्हा तयार. काही मॉडेल मॅग्नेट तसाच असताना काही तासांनी स्वतःहूनच पूर्ववत होतात. म्हणून मॅग्नेट लावून "झालं काम" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती फक्त रात्र काढायची सोय आहे. (फ्रिजवरचे मॅग्नेट लावून बघू नका, ते पुरत नाहीत.) खरं काम प्रोग्रामरचं, म्हणजे मशीनची सेटिंग बाहेरून बदलणाऱ्या यंत्राचं. कंपनीचा इंजिनिअर कार्डिओलॉजिस्टच्या लेखी ऑर्डरवर येतो, मशीनवर त्वचेवरूनच वाँड धरतो आणि सेटिंग बदलतो. टाका नाही, भूल नाही, काही मिनिटांचं काम. पण एका कंपनीचा प्रोग्रामर दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी माणूस सापडत नाही. म्हणून मी पहिल्याच भेटीत मशीनच्या कार्डाचा फोटो काढते. घरचे सरसकट "पेसमेकर" म्हणतात. कार्डावर आयसीडी किंवा सीआरटी-डी, म्हणजे हृदयाच्या दोन बाजू एकत्र चालवणारं आणि शॉकही देणारं मशीन, असेल तर शॉक आहे. साधा पेसमेकर किंवा सीआरटी-पी असेल तर नाही.

"मशीन बंद करायचं का?" असं कॉरिडॉरमध्ये मुलाला विचारणं

घाईतले ज्युनियर डॉक्टर हा प्रश्न लिफ्टची वाट बघताना विचारतात आणि मग नातेवाईक ऐकत नाहीत म्हणून तक्रार करतात. मशीनची दोन वेगळी कामं आहेत हे सांगितलंच नाही, तर कुठला मुलगा बापाचं हृदय बंद करायला हो म्हणेल?

गुरुजींशी बोलताना मी आधी विचारलं, "हे मशीन काय करतं असं तुम्हाला सांगितलंय?"

"मला मरू देणार नाही, असं."

"गेल्या दिवाळीला आणि आता, काय फरक पडला?"

"तेव्हा ओट्यापर्यंत चालत जायचो. आता संडासापर्यंत गेलो तरी बसावं लागतं."

मग मी सांगितलं की हृदयाचा पंप थकलाय, तो शॉकने सुधारत नाही. त्यांच्या सीआरटी-डी मशीनचं एक काम हृदयाच्या दोन बाजू एकत्र चालवायचं, त्याने दम कमी लागतो, ते चालूच ठेवायचं. दुसरं काम शॉकचं. ते बंद केलं तर त्या क्षणी काही होणार नाही, दुखणार नाही. पुढे कधी ठोके तसे बिघडले तर मात्र मशीन मध्ये पडणार नाही आणि त्यात जीव जाऊ शकतो. हे शेवटचं वाक्य गाळायचं नाही, ते गाळलं तर ती फसवणूक आहे. निर्णय बदलला तर शॉक पुन्हा चालू करता येतो, हेही सांगायचं.

मुलगा म्हणाला, "बाबांसमोर नको." गुरुजीच म्हणाले, "अरे, शॉक मला बसतोय." दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने शॉक बंद केला. पुढचे दोन आठवडे ते घरी होते, आणि झोपायला घाबरत नव्हते.

एवढ्यावर मी थांबते, आणखी पटवत बसत नाही. कुणी म्हणालं "विचार करतो", तर पुढची भेट ठरवून निघते. कायद्याचं म्हणाल तर शुद्धीवरच्या प्रौढ पेशंटला उपचार नाकारण्याचा हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात तो स्पष्ट मान्य केला आहे. पेशंटचा निर्णय, कोण हजर होतं आणि काय सांगितलं, हे केसपेपरवर लिहा. "लीगल होईल" ही सबब पुरे झाली.

पॅलिएटिव्ह म्हणजे सगळ्या गोळ्या बंद

नाही! लघवीची गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पायावर सूज आणि रात्री उठून बसणं सुरू होतं. कोलेस्टेरॉलची गोळी खुशाल बंद करा. पाठदुखीला डायक्लोफिनॅक मात्र देऊ नका, ते पाणी साठवतं आणि किडनी आणखी बिघडवतं. दम्यासारखी धाप उरलीच तर तोंडाने थोडं मॉर्फिन, सहसा २.५ मिलिग्रॅमपासून. किडनी खराब असेल तर दोन डोसमधलं अंतर वाढवायचं किंवा दुसरं औषध निवडायचं. मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध हवं, पण इसबगोल नको. त्याला भरपूर पाणी लागतं आणि इथे पाणी मोजून दिलेलं असतं.

बॅटरी संपली म्हणून न विचारता नवीन बसवणं

हीच खरी बोलायची वेळ. शॉक अजून हवा आहे का, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी विचारा.

अंत्यविधीआधी मशीनचं न सांगणं

पंचवटीतल्या अमरधामला नेण्याआधी मशीन काढून घ्या. लाकडाची चिता असो की विद्युतदाहिनी, उष्णतेने बॅटरी फुटते. शॉक चालू असताना वायर कापली तर काढणाऱ्यालाच झटका बसू शकतो, म्हणून आधी प्रोग्रामरने शॉक बंद करायचा आणि मग मशीन काढायचं. सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरला कार्ड दाखवा, पुढचं ते सांगतील.