राज्याभिषेकाच्या साधनांवर लिहिताय? या चुका टाळा

6 जून 1674 रोजी रायगडावर झालेल्या शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर प्रकल्प करायचा म्हटलं की दोन साधनं हमखास घेतली जातात: सभासदाची बखर आणि इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडनचा वृत्तांत. जोडी उत्तम आहे. पण तिच्यावर दर वर्षी तेच वाक्य वाचायला मिळतं: 'सभासद महाराजांच्या पदरचा, म्हणून पक्षपाती, ऑक्झिंडन परका, म्हणून निःपक्षपाती.' असं वाक्य लिहिलेलं असलं की समजावं, साधन उघडून पाहिलेलंच नाही.

परक्यालाही स्वार्थ असतो. ऑक्झिंडनला मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने पाठवलं होतं. इंग्रजांची राजापूरची वखार 1661 मध्ये मराठ्यांनी लुटली होती, तिची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती पदरात पाडून घेणं हे त्याचं काम. लिहायचं होतं ते वरिष्ठांसाठी, म्हणजे वकिलात पार पडली हे दाखवणं भागच होतं. आता हे ध्यानात ठेवून वृत्तांत वाचा. दुभाषी नारायण शेणवी याने हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखवली आणि महाराजांनी आम्हाला सिंहासनाच्या पायाशी बोलावलं, असं तो लिहितो. आपल्याला मिळालेला मान सांगण्यात त्याचा फायदा आहे, तेव्हा इथे जरा सावध राहायचं. पण परतताना दरवाजाशी हत्ती आणि घोडे दिसले, आणि एवढ्या अवघड वाटेने ते वर आले कसे याचं त्याला नवल वाटलं. हे खोटं लिहून त्याला काय मिळणार? ते वाक्य बिनधास्त वापरा.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त निसटतो. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या टोकांवर सोन्याची मत्स्यमुखं, घोड्यांच्या शेपट्या आणि तराजू होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. ही 'मुसलमानी रीत' आहे, तराजू न्यायाचं चिन्ह आहे, हा मात्र त्याने लावलेला अर्थ. त्याच्या परिचयाचा मापदंड तोच होता. म्हणून उताऱ्याच्या प्रतीवर दोन रंगांच्या पेन्सिली वापराव्यात: पाहिलेल्याला एक, अर्थ लावलेल्याला दुसरी. अर्धा तास जातो, तो वाचवू नये. पक्षपात हे माणसाला चिकटवायचं लेबल नव्हे; तो कुठल्या वाक्यात आहे ते दाखवावं लागतं.

दुसरी आवडती चूक म्हणजे पक्षपात सापडला की साधनच टाकून देणं. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती 1690च्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. राज्याभिषेकाला वीसेक वर्षं उलटली होती आणि जिंजीला मोगलांचा वेढा होता. थोरल्या राजांनी एवढं राज्य कसं उभं केलं, हा मुलाचा प्रश्न आणि त्याला सेवकाने दिलेलं हे उत्तर. प्रकल्पातला 'हेतू' हा परिच्छेद इथूनच सुरू व्हायला हवा. 'इतिहासाची माहिती देणे' असा हेतू कुणी लिहिला तर त्याला गुण का मिळावेत?

आता त्याचे आकडे बघा. बत्तीस मण सोन्याचं तख्त, पन्नास हजार वैदिक ब्राह्मण, एक कोटी बेचाळीस लाख होन खर्च. घाईतला विद्यार्थी लगेच बत्तीस गुणिले चाळीस किलो असा हिशेब करून बाराशे ऐंशी किलो सोनं लिहून मोकळा होतो. तेव्हाचा मण सगळीकडे एका वजनाचा नव्हता, हे तो पाहतच नाही. दुसरा विद्यार्थी आकडे अविश्वसनीय म्हणून सगळी बखर बाद करतो. दोघंही घाईत. आकडा जमाखर्चाच्या कागदाशी पडताळल्याशिवाय हिशेब म्हणून वापरू नका. पण राजारामाच्या दरबाराला तो सोहळा केवढा मोठा आठवायचा होता, याचा तो पक्का पुरावा आहे. प्रश्न बदलला की साधनाची किंमत बदलते.

बाकीच्या चुका थोडक्यात. चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. तिला समकालीन म्हणू नका. छापील आवृत्तीचं साल हे बखरीचं साल नव्हे, नकलेचंही नव्हे. तिन्ही वेगळी लिहा. ऑक्झिंडनचा मूळ मजकूर इंग्रजीत आहे, तेव्हा मराठी अनुवादातल्या एका विशेषणावर पूर्वग्रह सिद्ध करत बसू नका.

आणि तारखा. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत. त्यांची 6 जून म्हणजे नव्या ग्रेगोरियन पद्धतीची 16 जून. शिवाय त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. त्यामुळे वखारीच्या पत्रावर फेब्रुवारी 1673 असेल तर आपल्या हिशेबाने ते बहुधा 1674 असतं, आणि ते न कळल्यास राज्याभिषेकाआधी चार महिन्यांचं पत्र सव्वा वर्ष मागे जाऊन बसतं.