घाटमाथ्यावर ड्रोन उडवताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जा

घाटाच्या कड्यावर जमिनीवर वारा मंद वाटतो, पण शंभर मीटर वर तो दीडपट-दुप्पटही असू शकतो. समजा, ड्रोन हवेत सेकंदाला 10 मीटर वेगाने जातो आणि वर वारा 6 मीटरचा आहे. वाऱ्याबरोबर 600 मीटर तो 38 सेकंदांत जाईल. परतताना त्याचा वेग उरेल 4 मीटर आणि लागतील 150 सेकंद. बॅटरी संपते ती इथेच. म्हणून शूटची सुरुवात वारा येतो त्या दिशेला तोंड करून करा, म्हणजे परतीला वारा साथ देईल. पुढे जाताना ड्रोन खूप झुकला किंवा वेग कमी होत गेला, तर तिथूनच मागे फिरा.

अशा जागी बॅटरी 40 टक्क्यांवर आली की परतीला लागावं, 20 टक्क्यांची वाट पाहू नये. ‘रिटर्न टू होम’ची उंची झाडांच्या थोडी वरच ठेवा, उगाच 120 मीटर ठेवली तर ड्रोन आणखी जोराच्या वाऱ्यात चढतो.

सोबतच्या निरीक्षकाने स्क्रीनकडे अजिबात पाहू नये. त्याची नजर सतत ड्रोनवर आणि घारींवर हवी. घार घिरट्या घालत जवळ आली की त्याने फक्त ‘घार, डावीकडे’ एवढंच ओरडावं.

परवानगीसाठी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा त्याच दिवशी पाहा. आगाऊ परवानगी न लागणाऱ्या हिरव्या भागातही उंचीची मर्यादा सहसा 400 फुटांची असते. संरक्षित किल्ला किंवा अभयारण्य असेल तर पुरातत्त्व किंवा वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते.