शून्य म्हणजे पहिल्या हप्त्याची तारीख: पॉलिसीचा हिशेब असा जुळला

दरवर्षी 1 लाखाचे पाच हप्ते, मुदत संपल्यावर 6 लाख. धाकट्या भावाने या पॉलिसीचा परतावा वर्षाला 9.1 टक्के काढला होता. आकडा मला जास्त वाटला, म्हणून आम्ही वहीत आडवी रेघ ओढली आणि 0 ते 5 बिंदू मांडले.

त्याने ‘पहिल्या वर्षाचा हप्ता’ 1 वर लिहिला होता, त्यामुळे पाचवा हप्ता 5 वर, म्हणजे पैसे मिळण्याच्या दिवशीच येत होता. तिथेच शंका यायला हवी; त्या दिवशी कोण हप्ता भरतं?

मग प्रत्येक बिंदूखाली तारीख लिहिली. 0 म्हणजे 1 एप्रिल 2024, पहिला हप्ता भरला तो दिवस. पहिल्या वर्षाची अखेर आणि दुसऱ्याची सुरुवात एकाच बिंदूवर, 1 वर. हप्ते 0 ते 4 वर आले, 6 लाख 5 वर, म्हणजे 1 एप्रिल 2029 ला.

एक्सेलमध्ये B2 ते B6 मध्ये -100000, B7 मध्ये 600000 भरलं आणि परताव्याचा दर काढणारं IRR हे फंक्शन वापरलं:

```
=IRR(B2:B7)
```

उत्तर सुमारे 6.1 टक्के. IRR पहिला आकडा शून्यावर धरतं आणि पुढची अंतरं समान मानतं. तारखा वेड्यावाकड्या असतील तर प्रत्येक रकमेची तारीखही घेणारं XIRR वापरा.