दाढी काढायची की ठेवायची? आधी ती ओली करून बघा

चार वर्षं राखलेली दाढी मी मावसभावाच्या लग्नाच्या आदल्या रात्री काढली. सकाळी कार्यालयात मावशीने हनुवटी धरून विचारलं, "काय रे, आजारी होतास का?" दाखवायला आरसा लागला नाही, फोटोंतच दिसलं. कपाळ आणि नाक उन्हाने रापलेलं, आणि दाढीखालचा निम्मा चेहरा पांढराफटक. दुसऱ्या दिवसापासून मी दाढी पुन्हा वाढवायला घेतली आणि 'आपल्याला तुळतुळीत शोभत नाही' असं ठरवून मोकळा झालो. तो निकाल चुकीचा होता, कारण मी चेहरा नव्हे, रंगातला फरक बघत होतो. (मराठीची गंमत म्हणजे 'दाढी केली' याचा अर्थ दाढी काढली! भाषेनेच या विषयात गोंधळ घालून ठेवलाय.)

तेव्हा हा निर्णय घाईत नको. पुढची पद्धत साधारण तीन-चार आठवड्यांची आहे आणि तिच्यात वस्तरा सगळ्यात शेवटी येतो.

१. दाढी असतानाच खालचं हाड ओळखा

आंघोळीनंतर दाढी ओलीचिंब असताना ती दोन्ही हातांनी खाली आणि मागे चापून बसवा. आता फुगवटा जातो आणि जबड्याची रेघ बरीचशी दिसते. मग घरातल्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. मान सरळ हवी, हनुवटी वर उचलायची नाही. फोटोत खालच्या ओठापासून सरळ खाली एक रेघ कल्पा. हनुवटी त्या रेघेच्या आसपास असेल तर दाढी गेल्यावर चेहऱ्याचा आकार फारसा बदलणार नाही. ती बरीच मागे असेल, तर आजवर दाढीच तुमची हनुवटी पुढे आणत होती असं समजा.

दुसरी जागा हनुवटीखालची. तिथे दोन बोटांनी चिमटा घ्या. मांसल भाग जास्त असेल तर दाढी तिथे खोटा जबडा तयार करते, आणि ती काढल्यावर गळा व चेहरा एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. कॉलेजातले जुने फोटो इथे फारसे उपयोगी नाहीत. तेव्हाचं वजन आणि आताचं वजन वेगळं असतं, आणि आपण मात्र मनात तोच चेहरा धरून बसतो.

२. फोटो नीट काढा

हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, कारण नाक कॅमेऱ्याच्या जास्त जवळ असतं. त्यावर निकाल देऊ नका. फोनचा मागचा कॅमेरा वापरा, पाच-सहा फूट अंतर ठेवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरा. खिडकीकडे तोंड करून उभे राहा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने हनुवटीखाली सावली पडते. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक असे तीन फोटो पुरेत.

फोटोतला आपला चेहरा किंचित वाकडा वाटला तर दचकू नका. आरशात आपण स्वतःला उलटं बघत आलेलो असतो. लोकांना दिसतो तो फोटोतलाच.

३. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने काढा

ट्रिमरने आधी लांबी साधारण १० मिलिमीटरवर आणा आणि तीन-चार दिवस तसंच राहा. मग ५, मग ३. प्रत्येक टप्प्यावर तेच तीन फोटो, त्याच खिडकीपाशी. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो: दाढी नको नव्हती, तिचा आकार नको होता. गळ्यावरची रेघ तपासा. ती कंठमण्याच्या साधारण दोन बोटं वर असावी. खूप वर, अगदी जबड्याच्या हाडालगत घेतली तर हनुवटीखालचं सगळं उघडं पडतं. सलूनमध्ये हे आधीच सांगून ठेवा, कारण घाईच्या रविवारी रेघ हमखास वर सरकते.

३ मिलिमीटरवर तुमचा चेहरा तुम्हाला आवडला, पण अजून पुढे जावंसं वाटतंय, तर गाल आधी मोकळे करा, मग हनुवटी, आणि मिशी शेवटी. क्रम महत्त्वाचा आहे. मिशी गेली की वरचा ओठ एकदम लांब वाटतो, आणि ओळखीचा माणूस सगळ्यात जास्त तिथेच चमकतो.

४. वस्तरा फिरवताना

मोठ्या दाढीवर थेट ब्लेड लावू नका. केस ब्लेडमध्ये अडकतात आणि ओढले जातात. ट्रिमरने शक्य तितकं बारीक करा, कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजवा, फेस लावा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने नवं ब्लेड हलक्या हाताने फिरवा. पहिल्या दिवशी उलटं फिरवायचा मोह टाळा. गळ्यावर केस वळणाचे असतात. फार मुळापासून कापले तर त्यांचं टोक कातडीत वळतं आणि दोन-तीन दिवसांनी लाल पुटकुळ्या येतात. तशा आल्या तर वस्तरा थांबवा, नखाने कोरू नका. पू धरला किंवा दुखायला लागलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

५. निकाल दोन आठवड्यांनी

पहिल्या तीन-चार दिवसांत कातडी लालसर आणि रंग दुरंगी असतो. दाढी जितकी दाट आणि जितकी जुनी, तितका हा फरक ठळक. तो आपोआप मिटतो, पण काही आठवडे लागू शकतात. तोवर सगळ्या चेहऱ्याला सनस्क्रीन लावा, नाहीतर नव्याने उघडी पडलेली कातडी लवकर भाजते. घरच्यांची पहिली प्रतिक्रिया मोजू नका. साधारण बाराव्या-चौदाव्या दिवशी पुन्हा तीन फोटो काढा आणि आधीच्यांशेजारी ठेवा. निर्णय तेव्हा.

पुन्हा वाढवायची असेल तर दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडी जास्त वाढते, म्हणजे ३ मिलिमीटरची खुंटं आठ-दहा दिवसांत परत येतात. मध्ये खाज सुटते, ती जाते. उलट, कधीच दाढी न ठेवलेल्यांना श्रावण बरा. अनेकांच्या घरी महिनाभर दाढी करत नाहीत, तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या दिवशी फोटो काढा. गालावर विरळ वाटणारी जागा भरते की नाही, हे चार-सहा आठवड्यांआधी कळत नाही.

माझ्या धाकट्या भावाने मागच्या वर्षी हेच केलं. दोन वर्षांची दाढी होती. ओल्या दाढीच्या फोटोत हनुवटी रेघेच्या बरीच मागे आणि खाली चिमटीत मावेल इतकं मांस. १० वर बरा, ५ वर चांगला, ३ वर सगळ्यांत चांगला. तरी हट्टाने पुढे गेला. चौदाव्या दिवशी रंग बराचसा एक झाला होता, कातडी नितळ होती, आणि बाजूच्या फोटोत हनुवटी तरीही हरवलेली. रंगावर खापर फोडायची सोय उरली नाही. आता तो ३ वर स्थिरावलाय, आठवड्यातून दोनदा ट्रिमर फिरवतो. आईने सगळे फोटो ओळीने बघितले आणि म्हणाली, "ते राहू दे, आधी दोन्ही कल्ले एकसारखे कर."