सव्वा, दीड, अडीच: इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं

सव्वा म्हणजे 1.25, दीड 1.5, अडीच 2.5. तीनपासून पुढे साडे लागतं. पावणे हे पुढच्या आकड्यातून पाव वजा करतं, म्हणून पावणेतीन 2.75 होतात, 3.25 नव्हे. एवढं येत असेल तर सुटे आकडे अडवत नाहीत. वेळ असेल तर सरळ आकड्यात लिहा: पाऊण वाजता 12:45, अडीच वाजता 2:30.

खरी अडचण शे, हजार आणि लाख मागे लागले की सुरू होते. ‘सव्वा म्हणजे वन अँड अ क्वार्टर’ असं पाठ करून घेणारे तक्ते इथे उपयोगी पडत नाहीत, कारण पाव कशाचा हे ते सांगत नाहीत. पाव नेहमी शेवटी लागलेल्या एककाचा असतो. सव्वाशेतला पाव शंभराचा, म्हणजे 125. सव्वा लाखातला पाव लाखाचा, म्हणजे सव्वा लाख 1,25,000. पावणेदोनशे 175. साडेबाराशे ऐकलं की नवखा गोंधळतो, पण बारा शेकडे आणि अर्धा शेकडा मोजले की 1,250 होतात. म्हणून आधी एकक ओळखा, मग गुणा, आणि इंग्रजीत शब्द न लिहिता पूर्ण आकडा लिहा. सव्वाशेचं ‘वन अँड अ क्वार्टर हंड्रेड’ करणाऱ्याला मी भाषांतराचं दुसरं पान देत नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे जोडशब्द. ‘दीड-दोनशे माणसं’ यात शे एकदाच येतं, पण ते दोघांचं असतं. अर्थ 150 ते 200. ‘दोन-अडीचशे’ म्हणजे 200 ते 250, ‘सव्वा-दीड लाख’ म्हणजे 1,25,000 ते 1,50,000. शब्दाला शब्द लावत गेलात तर दीड माणूस ते दोनशे माणसं असं काहीतरी होतं आणि वाचणाऱ्याला तेही खरं वाटतं. ओळखायची खूण सोपी: पहिला आकडा एकट्याने वाचून हास्यास्पद वाटला, तर त्याचं एकक पुढे दडलेलं आहे.

इथेच आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘सभेला सव्वादोनशे लोक होते’ म्हणणाऱ्याने डोकी मोजलेली नसतात. इंग्रजीत नुसतं 225 लिहिलं की ते हजेरीपटावरून घेतल्यासारखं वाटतं, म्हणून आधी ‘अबाउट’ लावा. पण ‘सव्वादोनशे रुपये दिले’ असेल तर रक्कम नेमकी आहे, तिथे ‘अबाउट’ घातलंत तर खोटं होईल.

एक वाक्य पूर्ण करून बघू: ‘पावणेदोन एकर जमीन सव्वातेरा लाखांना ठरली, दीड लाख इसार दिला, बाकी अडीच महिन्यांत द्यायची.’ किंमत 13,25,000, इसार 1,50,000. बाकी वजाबाकीने 11,75,000 निघते. म्हणजे पावणेबारा लाख. तोंडी हिशेबाशी ही रक्कम जुळते का, एवढी पडताळणी कराच. वाचणारा भारतीय असेल तर लाख ठेवा. परदेशी असेल तर स्वल्पविराम बदलून 1,325,000 लिहा.

जमिनीचा आकडा मात्र वाक्यावरून लिहू नका. पावणेदोन एकर म्हणजे 70 गुंठे, कारण एकराला 40 गुंठे. पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, आणि गावात गुंठा आणि आर एकच समजून बोलतात. 70 आर प्रत्यक्षात 1.73 एकर भरतात. करारात सातबाऱ्यावरचा आकडा घ्या. ‘अडीच महिने’ हेही करारात ‘टू अँड अ हाफ मंथ्स’ म्हणून सोडू नका. शेवटची तारीख विचारून घ्या, कारण महिना 30 चा की 31 चा यावरून भांडणं होतात.

व्याकरणात एकच ठेच लागते. मराठीत ‘दीड तास’, ‘दीड महिना’ एकवचनी असतं, इंग्रजीत मात्र ‘वन अँड अ हाफ अवर्स’ असं अनेकवचन लागतं.

राहिलं दीडपट. 2018-19 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तेव्हापासून हा शब्द बातम्यांत सतत येतो. दीडपट म्हणजे खर्चाच्या 150 टक्के, खर्चावर 50 टक्के जास्त. खर्च 2,000 रुपये असेल तर भाव 3,000. त्याचं ‘150 टक्के वाढ’ केलंत तर भाव 5,000 होतो. मूळ मजकुरातच ‘दीडपटीने वाढला’ असं असेल, तर लिहिणाऱ्याला फोन करून जुना आणि नवा आकडा विचारा आणि इंग्रजीत ते दोन्ही आकडे द्या.